आरक्षणाची दहा वर्षं उलटली. आता पहिला कागद कोणता?

प्रश्न : आमच्या गावच्या नगर परिषदेच्या हद्दीत वडिलांची वीस गुंठे जमीन आहे. २०१२ साली मंजूर झालेल्या विकास योजनेत तिच्यावर बागेचं आरक्षण पडलं. ना बाग झाली, ना एक रुपया मिळाला. बांधकाम परवानगी मागितली तर आरक्षणाकडे बोट दाखवतात. वडील गेले, आता सातबारावर आई, मी आणि दोन भाऊ. नगर परिषदेत चौकशी केली तर सांगतात की संपादनाचा ठराव झालाय, फाईल वर गेली आहे. एक अधिकारी म्हणतात पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्या, नगरसेवक म्हणतात ठराव करून आरक्षण उठवून देतो, आणि एक गृहस्थ निम्म्याहून कमी भावात जमीन मागत आहेत. सुधारित विकास योजनेचं काम सुरू झालंय असंही कानावर आलं. आम्ही नेमकं काय करावं? – एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुधारित योजनेचं काम सुरू झालं असेल तर ठराव, टीडीआर, गिऱ्हाईक हे सगळं दोन आठवडे बाजूला ठेवा आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खालची नोटीस नगर परिषदेला बजावा. कारण सांगते.

हा कायदा आरक्षण टाकणाऱ्या संस्थेला जमीन घेण्यासाठी दहा वर्षं देतो. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन आपसांत करार करून घेतली गेली नाही, किंवा संपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर मालकाला नोटीस देण्याचा हक्क मिळतो. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलंही पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत झालं, म्हणजे संपलं, असं कायदा मानतो. मग शेजारच्या जमिनीवर जो विकास करता येतो तो तुमच्या जमिनीवरही करता येतो. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती, २००९ मध्ये बारा महिने झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस. जुन्या पुस्तकात किंवा कुणाच्या सांगण्यात सहा महिने आढळले तर त्यावर विसंबू नका.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नुसती दहा वर्षं उलटली म्हणून आरक्षण संपत नाही. तुम्ही नोटीस दिली नाही तर ते पंधरा वर्षं, वीस वर्षं तसंच राहू शकतं. आणि या काळात सुधारित विकास योजना मंजूर होऊन तेच आरक्षण तिच्यात पुन्हा आलं तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या प्रफुल्ल दवे प्रकरणात सांगितलं आहे. पुण्यातल्या त्या मालकांनी जुन्या योजनेची दहा वर्षं पूर्ण झाल्यावरही सुधारित योजना येण्याआधी नोटीस दिली नव्हती. न्यायालय म्हणालं, आता नव्या योजनेपासून पुन्हा दहा वर्षं मोजा. हातात आलेला हक्क निव्वळ नोटीस न दिल्यामुळे गेला. तुमच्या बाबतीत हे होऊ नये, म्हणूनच घाई करायला सांगते आहे.

नोटीस लिहिण्याआधी तारीख पक्की करा. ‘२०१२ साली मंजूर’ एवढ्यावर भागत नाही. शासनाच्या मंजुरीच्या अधिसूचनेत योजना कोणत्या तारखेपासून अमलात येईल ते लिहिलेलं असतं आणि अनेकदा ती तारीख अधिसूचनेच्या तारखेच्या महिनाभर पुढची असते. दहा वर्षं तिथून मोजायची. आणखी एक खाचखळगा आहे, ज्यात जाणते लोकही अडखळतात. शासन योजना मंजूर करताना काही जागांबाबत मोठे बदल सुचवतं. त्या जागा मुख्य मंजुरीतून वगळून त्यांच्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात आणि त्यांची मंजुरी वेगळ्या अधिसूचनेने, कधी कधी बऱ्याच उशिरा होते. तुमचा गट अशा वगळलेल्या भागात असेल तर तुमची दहा वर्षं त्या दुसऱ्या अधिसूचनेपासून सुरू होतात. मुदतीआधी दिलेली नोटीस निरुपयोगी ठरते आणि ते कळेपर्यंत दोन वर्षं वाया जातात. म्हणून जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून दोन्ही अधिसूचनांची प्रत, तुमच्या गटाचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागून घ्या. आरक्षणाचा साईट क्रमांक त्या नकाशावर आणि योजनेच्या अहवालात असतो.

मग नोटीस. भाषा साधी असली तरी चालते, तपशील मात्र सुटता कामा नये. योजनेचं नाव, मंजुरीच्या अधिसूचनेचा क्रमांक व तारीख, अमलात आल्याची तारीख, आरक्षणाचा साईट क्रमांक आणि प्रयोजन, गट क्रमांक, आरक्षणाखालचं क्षेत्र, दहा वर्षांत करार झालेला नाही आणि राजपत्रात घोषणा झालेली नाही हे विधान, आणि शेवटी कलम १२७(१) खाली ही नोटीस देत असल्याचा स्पष्ट उल्लेख. वीस गुंठ्यांपैकी आरक्षणात नेमकं किती क्षेत्र येतं हे भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून ठरवून घेतलंत तर उत्तम. अर्धा गट आरक्षणात आणि अर्धा रहिवास विभागात अशी जमीन पुष्कळदा असते. पण मोजणीला महिने लागणार असतील तर त्यासाठी नोटीस थांबवू नका; नकाशावरचं क्षेत्र ‘सुमारे’ म्हणून लिहा आणि मोजणी मागून जोडा.

मालकी दाखवणारी कागदपत्रं सोबत जोडलीच पाहिजेत. कलमातच तसं लिहिलं आहे, आणि केवळ याच कारणावरून नोटीस फेटाळल्याची उदाहरणं आहेत. चालू सातबारा, आठ-अ, वडिलांच्या पश्चात झालेल्या वारस नोंदीचा फेरफार, वडिलांनी जमीन खरेदी केली असेल तर खरेदीखत. जमीन नगर भूमापनात गेली असेल तर मालमत्ता पत्रक. हितसंबंध असलेला एक जणही नोटीस देऊ शकतो, तरी आई, तुम्ही आणि दोन्ही भाऊ अशा चौघांच्या सह्या घ्या. पुढे एखादा भाऊ म्हणाला की मला विचारलं नव्हतं, तर नगर परिषदेला आयतंच निमित्त मिळेल.

नोटीस मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या. आरक्षण बागेचं असल्यामुळे ते अमलात आणणारी संस्था बहुधा नगर परिषदच असेल; पण योजनेच्या अहवालात ‘समुचित प्राधिकरण’ म्हणून दुसऱ्या संस्थेचं नाव असेल तर तिलाही मूळ प्रत द्या. आवक-जावक टेबलावर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच घ्या आणि तीच नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा. चोवीस महिने त्या पोचेच्या तारखेपासून मोजले जातात. समजा पोच १० जानेवारीची असेल, तर मुदत दोन वर्षांनंतरच्या १० जानेवारीला भरते. जिल्हाधिकारी आणि नगररचना विभागाला माहितीसाठी प्रत दिली तर चांगलं, पण ती नोटिशीच्या जागी चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना नोटीस देऊन नगर परिषदेला न देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची मुदत कधी सुरूच झाली नाही.

आता ‘ठराव झालाय, फाईल वर गेली आहे’ याबद्दल. नोटीस गेल्यावर हेच उत्तर तुम्हाला लेखी मिळण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याने डगमगू नका. सभेत संपादनाचा ठराव करणं, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवणं, मोजणीचं पत्र देणं ही कलमातली ‘पावलं’ ठरतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००७ च्या गिरनार ट्रेडर्सच्या निकालात न्यायालयाने सांगितलं की जमीन खरोखर संपादनाकडे नेणारं पाऊल हवं. ज्यातून संपादन होईलच असं नाही, असा पत्रव्यवहार पुरत नाही. राजपत्रातली घोषणा हे ते पाऊल. श्रीरामपूर नगर परिषदेच्या प्रकरणात २०१३ मध्ये न्यायालयाने हाच अर्थ कायम ठेवला. म्हणजे तुम्ही विचारायचा प्रश्न एकच : कलम १२६ खालची घोषणा राजपत्रात आली का? माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांच्या भूसंपादन शाखेकडे विचारा की या गटाचा प्रस्ताव आला का, संयुक्त मोजणी झाली का, २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १९ ची घोषणा प्रसिद्ध झाली का. उत्तर जपून ठेवा. उच्च न्यायालयात जावं लागलं तर हे उत्तर तुमच्या फार कामाचं आहे.

तुम्हाला जमीन मोकळी हवी की पैसे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि नोटीस देताना ते ठरवायची गरजही नाही. ती देऊन तुम्ही नगर परिषदेला सांगता की मुदतीत जमीन घ्या, नाहीतर सोडा. तिने घेतली तर मोबदला मिळेल, नाही घेतली तर जमीन मोकळी होईल. पैसा नसलेली नगर परिषद मुदतीत संपादन पूर्ण करेल असं मला वाटत नाही. पण केलंच तर काय हाती येईल याचा अंदाज असू द्या.

वीस गुंठे म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर. तुमच्या भागाचा वार्षिक मूल्यदर तुम्ही दिलेला नाही, म्हणून नुसत्या हिशेबासाठी तो चौरस मीटरला ४,००० रुपये धरते. बाजारमूल्य सुमारे ८१ लाख होतं. २०१३ च्या कायद्यात शहरी भागाला गुणक एक आहे, आणि त्या रकमेइतकंच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा मूल्य मिळतं. म्हणजे सुमारे १ कोटी ६२ लाख. याशिवाय बाजारमूल्यावर ठरावीक काळासाठी वर्षाला १२ टक्के दराने जादा रक्कम येते. झाडं, विहीर असेल तर त्यांचं मूल्य दिलासा मूल्य काढण्याआधी मिळवलं जातं. बाजारमूल्य केवळ सरकारी दरावर ठरत नाही. मागच्या तीन वर्षांत आसपास झालेल्या खरेदीखतांपैकी जास्त भावाच्या निम्म्या खतांची सरासरी त्या दरापेक्षा वर असेल तर ती धरावी लागते. त्यामुळे शेजारच्या व्यवहारांचे सूची दोनचे उतारे आत्ताच काढून ठेवा. आणि दर २०१२ चा लागत नाही. उशिरा नव्याने घोषणा केली तर त्या घोषणेच्या तारखेचं मूल्य, असं कलम १२६ मध्येच आहे.

टीडीआरचा सल्ला देणारे अधिकारी चुकीचं सांगत नाहीत. कलम १२६ मध्ये पैशाऐवजी विकास हक्क देण्याची तरतूद आहे. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेरच्या जमिनीला दुप्पट आणि दाट वस्तीतल्या जमिनीला तिप्पट टीडीआर मिळतो. तुमची जागा दाट वस्तीबाहेर असेल तर प्रमाणपत्रावर ४,०४६ चौरस मीटर येतील. आकडा मोठा दिसतो. पण तो वापरताना दोन्ही जागांच्या दरांचं गुणोत्तर लागतं : तुमच्याकडे दर ४,००० आणि जिथे बांधायचं तिथे ८,००० असेल, तर प्रत्यक्ष वापर निम्म्यावर, म्हणजे २,०२३ वर येतो. शिवाय तो तुमच्याच नगर परिषदेच्या हद्दीत वापरावा लागतो. पुण्या-मुंबईत टीडीआरला रोजचं गिऱ्हाईक असतं. लहान गावात जिथे तीन मजल्यांपलीकडे कुणी बांधत नाही, तिथे तो विकत घेणार कोण? गेल्या दोन-तीन वर्षांत नगर परिषदेने किती प्रमाणपत्रं दिली आणि त्यांतली किती बांधकामात वापरली गेली, हे विचारा. उत्तर ‘एकही नाही’ असेल तर माझ्या मते या वाटेला जाऊ नका. तुमच्या संमतीशिवाय टीडीआर तुमच्या गळ्यात कुणी घालू शकत नाही.

इथेच एक कळकळीची सूचना. संमतीपत्र, आगाऊ ताबा पावती, ‘मोबदला नंतर घेण्यास हरकत नाही’ असा कागद, यांतलं काहीही वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आईकडून घरी येऊन सही घेतली जाऊ शकते. त्यांनाही हे सांगून ठेवा. ताबा एकदा गेला आणि तिथे कुंपण, झोपाळे आले की आरक्षण व्यपगत झालं हे सांगणं फार कठीण होतं, आणि पैशासाठी वेगळं भांडत बसावं लागतं.

नगरसेवकांचं म्हणणं. सभेच्या ठरावाने आरक्षण उठत नाही. ठराव फार तर कलम ३७ खालच्या फेरबदलाची सुरुवात असते : सूचना प्रसिद्ध करायची, हरकती ऐकायच्या, प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा आणि मंजुरी शासनाने द्यायची. बागेसारखं आरक्षण उठवायला नगररचना विभाग सहसा राजी नसतो, आणि त्याला कारण आहे. गावातल्या मुलांना खेळायला जागा लागतेच. नगरसेवकांना प्रयत्न करू द्या, त्याने नोटिशीला बाधा येत नाही. मात्र त्यांच्या भरवशावर नोटीस लांबवू नका. सुधारित योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तर हरकतीसाठी तीस दिवस असतात. त्या मुदतीत चौघांची लेखी हरकत द्या, तिला कलम १२७ च्या नोटिशीची पोच जोडा आणि नियोजन समितीच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. नोटीस आधी गेलेली असली म्हणजे नवी योजना आली तरी तुमचा हक्क बुडाला असं सहज म्हणता येणार नाही. तरीही हरकत न देता गप्प बसू नका.

ज्यांची दहा वर्षं अजून झालेली नाहीत अशा वाचकांसाठी ओझरतं सांगते. आरक्षणामुळे परवानगी नाकारली गेली असेल तर कलम ४९ खाली शासनाला खरेदी सूचना, म्हणजे ही जमीन विकत घ्या अशी नोटीस, देता येते. सहा महिन्यांत शासनाने निर्णय दिला नाही तर ती कायम झाली असं मानतात, आणि त्यानंतर वर्षभरात संबंधित संस्थेने संपादनाचा अर्ज केला नाही तर आरक्षण व्यपगत होतं. त्यासाठी परवानगी नाकारल्याचं लेखी पत्र हातात हवं. ताई, तुम्हालाही ते लेखी मिळालं नसेल तर मागून घ्या. तोंडी नकाराला कुठे किंमत नाही.

चोवीस महिने भरले आणि राजपत्रात काही आलं नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात नगरविकास विभागाकडे अर्ज करा. आरक्षण व्यपगत झाल्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करणं हे कलम १२७(२) खाली शासनाचं काम आहे. कायद्याने आरक्षण मुदत संपताच जातं, पण व्यवहारात बांधकाम परवानगीच्या टेबलावर त्या राजपत्राची प्रत मागतात. नगर परिषदेचं म्हणणं मागवण्याच्या नावाखाली हा अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. तीन-चार महिने वाट पाहून, स्मरणपत्र देऊन, मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करा. तुमच्याकडे पोच, मालकीचे कागद, माहिती अधिकारातलं उत्तर आणि शासनाकडच्या अर्जाची प्रत अशी चार कागदांची सरळ साखळी असेल तर वादाला फारशी जागा उरत नाही.

राहिले ते जमीन मागणारे गृहस्थ. जमीन खरेदी करणाराही ‘हितसंबंधित’ म्हणून हीच नोटीस देऊ शकतो. त्यांना तारखा ठाऊक असण्याची शक्यता आहे, आणि निम्म्याहून कमी भावात ते बहुधा तुमच्या आरक्षणाची उलटलेली वर्षंच विकत घेत आहेत. पैशाची निकड असेल तर विकणं हा तुमचा हक्क आहे, पण तुम्ही स्वतः नोटीस देऊन पोच घेतल्यानंतर भावाची बोलणी करा. विसार म्हणून काही रक्कम घेऊन कुलमुखत्यारपत्र देऊ नका. नोटीस, तडजोड, टीडीआरची संमती, सगळं त्या एका कागदाने त्यांच्या हाती जातं.